थायमोक्विनोन: आकडा घसरला की आधी पेशी मोजा

कलौंजीतल्या थायमोक्विनोनवर काम करायला आलेल्या नवख्याच्या हाती बहुधा आधी मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी येतात. प्रयोग दिसायला सोपा आहे. उंदराच्या रॉ २६४.७ पेशींना तासभर आधी थायमोक्विनोन द्यायचं, मग एलपीएस हा जिवाणूंच्या कवचातला घटक घालून दाह भडकवायचा. दाहात पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि त्याचं नायट्राइट होतं, म्हणून २४ तासांनी वरचं माध्यम काढून त्यातलं नायट्राइट ग्रीस अभिकर्मकाने मोजायचं. दाह जास्त असेल तर रंग गडद गुलाबी येतो. आम्ही तो ५४० नॅनोमीटरला वाचतो.

डोस वाढवत नेला की गुलाबी फिका पडत जातो आणि पोरं खूश होतात. मी तिथेच त्यांना थांबवतो. थायमोक्विनोन प्रथिनांमधल्या सिस्टीनच्या गंधकाला जाऊन चिकटतं. एनएफ-कप्पाबी हा दाहाचा मार्ग ते रोखतं, त्यामागेही हाच गुण असल्याचं मानतात. पण याच गुणामुळे ते पेशीला जपणारं ग्लुटाथायोनही संपवतं, आणि डोस चढला की पेशीच मरते. मेलेली पेशी नायट्राइट कुठून बनवणार?

समजा, नुसत्या एलपीएसला नायट्राइट ३० मायक्रोमोलर आलं आणि थायमोक्विनोनसोबत १४. निम्म्याहून जास्त घट! आता त्याच प्लेटमधल्या जिवंत पेशी मोजल्या आणि त्या निम्म्याच उरलेल्या निघाल्या, तर पेशीमागे हिशेब २८ चा झाला. म्हणजे दाह जवळपास होता तिथेच आहे. मोजणीसाठी जिवंत पेशी रंगावरून मोजणाऱ्या एकट्या एमटीटी चाचणीवर विसंबू नका, कारण क्विनोनची रेडॉक्स क्रिया त्याच्या रंगात लुडबुड करू शकते. मेलेल्या पेशींनाच रंगवणारा ट्रायपॅन ब्लू लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. दुसऱ्याच्या शोधनिबंधातला डोसही जसाच्या तसा उचलू नका. सीरममधलं अल्ब्युमिन थायमोक्विनोनला धरून ठेवतं, त्यामुळे सीरमचं प्रमाण बदललं की तोच डोस सौम्य किंवा जहाल ठरतो. बाकी, थायमोक्विनोन ज्यात विरघळवतो त्या नुसत्या डीएमएसओचा कंट्रोल हवाच, आणि थायमोक्विनोनचा साठा उजेडापासून झाकलेला.

रक्तशर्करेच्या प्रयोगात फसगत वेगळी असते, ती वेळेची. उंदरांना स्ट्रेप्टोझोटोसिन टोचलं की ते विष ग्लुट-२ या दारातून इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींत शिरतं आणि त्यांचा डीएनए बिघडवतं. थायमोक्विनोन त्याच्या आधीपासून दिलं आणि साखर कमी राहिली, तर पेशी विषापासून वाचल्या एवढंच कळतं. झालेला मधुमेह आटोक्यात आला, असं त्यावरून म्हणता येत नाही. ते बघायचं तर टोचल्यावर ७२ तासांनी साखर तपासा, डेसिलिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या वर गेलेले प्राणीच निवडा, त्यांचे गट पाडा आणि मगच औषध सुरू करा. वजनही नोंदवत राहा. औषधामुळे प्राणी खायचाच कमी झाला असेल, तरी साखर उतरलेली दिसते. सोबत इन्सुलिन मोजलं असेल, तर साखर बीटा पेशी सावरल्यामुळे उतरली की दुसऱ्या कशाने, याचा थोडा अंदाज येतो.