रेडिओ-पॉडकास्टची सुरुवात करताना या चुका टाळा: ‘नमस्कार’ कानात बोला, स्टेजवरून नको

नाशिकमध्ये चांगल्या सूत्रसंचालकांची वानवा नाही. लग्न असो, सत्कार असो, गोदाकाठची मैफल असो, भारदस्त आवाजात सभा बांधून ठेवणारं कुणीतरी भेटतंच. हीच मंडळी हौसेने पॉडकास्ट सुरू करतात किंवा कम्युनिटी रेडिओवर कार्यक्रम घेतात, आणि पहिल्या वीस सेकंदांत घोटाळा होतो. सभागृहात लोक खुर्च्या सरकवत असतात, मागे कुणी बोलत असतं. त्यांना शांत करायला मोठ्याने आणि लांबलचक स्वागत लागतं. इयरफोन घातलेला माणूस आधीच शांत असतो. त्याच्या कानापासून दोन बोटांवर तुम्ही ‘सहर्ष स्वागत’ गर्जलात, तर त्याचा हात आवाज कमी करायला जातो.

उदाहरणासाठी द्राक्षबागेवरचा एक पॉडकास्ट घेऊ. होस्ट दिंडोरीकडचा, रेकॉर्डिंग कॉलेज रोडवरच्या एका खोलीत, विषय फुलोऱ्यातला पाऊस आणि डाऊनी हा बुरशीचा रोग. नेहमीच्या पद्धतीने सुरुवात केली, तर ती साधारण अशी होते:

‘शुभ सकाळ! नमस्कार, नमस्कार, नमस्कार! नाशिक जिल्ह्यातील तमाम द्राक्ष बागायतदार बंधू-भगिनींनो, आपल्या सर्वांच्या लाडक्या कार्यक्रमात मी आपला मित्र आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत करतो. आज आपल्यासोबत असं एक व्यक्तिमत्त्व आहे, की ज्यांना परिचयाची गरज नाही…’

आणि यानंतर दीड मिनिट परिचय.

सूर विषयाशी भांडतो

यातली सगळ्यात मोठी चूक शब्दांची नाही, सुराची आहे. बाग फुलोऱ्यात असताना पाऊस झाला, की घड कुजणार की वाचणार या चिंतेत शेतकरी असतो. त्याला तीन ‘नमस्कार’ उड्या मारत आले, तर हा माणूस आपल्या बाजूचा नाही, हे त्याला लगेच कळतं. मग पुढे कितीही कामाचा सल्ला दिलात, तरी तो अर्ध्या कानाने ऐकला जातो. स्वागताचा सूर त्या दिवशीच्या विषयावरून ठरायला हवा. तोच मजकूर, तोच चढा आवाज आणि तेच उडतं संगीत दर भागाला चिकटवलं, तर गारपिटीचा भाग आणि मिसळीवरचा भाग एकाच तोंडवळ्याचे होतात.

दुसरी चूक संबोधनाची. ‘बंधू-भगिनींनो’ हे वाईट नाही. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर गीतमाला सुरू करणाऱ्या अमीन सायानींची ‘बहनों और भाइयों’ ही हाक घराघरांत ओळखीची झाली. पण तेव्हा एका सेटभोवती अख्खं घर, कधी शेजारीही बसत, त्यामुळे ते अनेकवचन खरं होतं. आज फवारणीच्या ट्रॅक्टरवर बसलेला माणूस एकटा ऐकतो. त्याला ‘तमाम’ म्हटलं, की तो गर्दीत हरवतो. साधं ‘तुम्ही’ धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. ‘आपण’ जपून वापरा. ‘आपण फवारणी केली असेल’ यात कोणी केली, बोलणाऱ्यासकट सगळ्यांनी की ऐकणाऱ्याने, हे कानाला कळत नाही. कागदावर मागेपुढे पाहून ते उलगडतं, ऐकताना वाक्य निघून गेलेलं असतं.

‘शुभ सकाळ’ थेट प्रसारणात शोभतं, कारण सकाळ दोघांचीही असते. पॉडकास्ट रात्री गोठ्यात ऐकला जातो. ‘काल रात्री पाऊस झाला’ हे वाक्यही तसंच, पुढच्या हंगामात ते शिळं होतं. म्हणून वेळेऐवजी परिस्थिती सांगा. वरची सुरुवात मी अशी करेन:

‘नमस्कार. बाग फुलोऱ्यात आहे आणि रात्री पाऊस झाला, तर सकाळी तुम्ही आधी पानं उलटून बघता. खाली पांढरी बुरशी दिसली, तर पुढच्या दोन दिवसांत काय करायचं, एवढंच आज बोलायचं आहे. मी अमुक, आणि सोबत आहेत निफाडचे एक बागायतदार, ज्यांनी हे स्वतःच्या बागेत सोसलंय.’

ऐकणाऱ्याची अवस्था आधी, विषय मग, होस्टचं नाव त्यानंतर. सावकाश मराठीत सेकंदाला साधारण दोन शब्द बोलले जातात, म्हणजे हे वीस-बावीस सेकंदांत बसतं. पाहुण्यांचे पुरस्कार आणि पदं बोलण्याच्या ओघात येऊ द्या. दीड मिनिट स्वतःची स्तुती ऐकत ताटकळलेला पाहुणा शेवटी ‘नमस्कार’ म्हणतो, तेव्हा त्याचा आवाज पडलेला असतो. मोठा परिचय हवाच असेल, तर तो पाहुणा गेल्यावर वेगळा रेकॉर्ड करून जोडा.

‘मस्कार’ का ऐकू येतं?

हे तांत्रिक दुखणं फार जणांना असतं. मोबाइलमधलं किंवा ॲपमधलं आवाज-गाळप, म्हणजे नॉइज गेट, ठरावीक पातळीच्या वर आवाज गेला की मगच उघडतं. ‘न’ हा नाकातला, मवाळ आवाज. गेट उघडेपर्यंत तो निघून जातो आणि उरतं ‘मस्कार’. स्टुडिओत फेडर, म्हणजे माइकचा आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी, उशिरा वर केला तरी हेच होतं. काही ब्लूटूथ स्पीकरही झोपेतून जागे होताना पहिला तुकडा गिळतात. उपाय असा, की गेटची पातळी खाली आणा किंवा ते बंदच ठेवा, आणि फाइलच्या सुरुवातीला अर्धा सेकंद खोलीची शांतता किंवा संगीताचा पहिला सूर राहू द्या. दोष कुठे आहे हे ओळखायचं, तर मूळ फाइल वायरच्या हेडफोनवर ऐका. तिथे ‘न’ असेल, तर स्पीकर दोषी.

‘भावांनो’, ‘बंधूंनो’ यांचा त्रास उलटा. ‘भ’, ‘ब’, ‘प’ म्हणताना तोंडातून हवेचा झोत माइकवर आदळतो आणि धप्प असा आवाज येतो. माइक १० ते १५ सेंटिमीटरवर, तोंडासमोर न धरता किंचित कडेला ठेवा. संगीतही पहिल्या शब्दाच्या आधी खाली यायला हवं. नावावर ढोलकीची थाप पडली, तर नाव गेलंच.

चूक कळते कशी?

पॉडकास्ट ॲपच्या आकडेवारीत श्रोते कुठवर ऐकतात याचा आलेख मिळतो. पहिल्या मिनिटात तो थोडा खाली येणारच, कारण चुकून बटण दाबलेले लोकही त्यात असतात. बघायचं ते पुढे. रेघ खाली जाऊन मिनिटभराने पुन्हा वर आली, तर लोक तुमचं स्वागत ओलांडून पुढे जातायत, म्हणजे विषय हवाय, स्वागत नको. खाली गेली ती तिथेच राहिली, तर माणसं निघून गेली. श्रोते मोजकेच असतील, तर आलेखावर विसंबू नका. कार्यक्रम न ऐकलेल्या एखाद्याला फक्त पहिली वीस सेकंदं ऐकवा आणि विचारा, कोण बोलतंय, कुणाशी, आणि प्रसंग आनंदाचा की काळजीचा. तिसऱ्या प्रश्नाला तो अडखळला, तर मजकूर न बदलता फक्त सूर बदलून पुन्हा रेकॉर्ड करून बघा.

हे पुन्हा रेकॉर्ड करणं गप्पा संपल्यावर लगेच, त्याच खुर्चीत आणि त्याच अंतरावरून करावं. तोवर घसा मोकळा झालेला असतो आणि पाहुण्याने नेमकं काय सांगितलं तेही माहीत असतं. दुसऱ्या दिवशी घरी, पंखा चालू ठेवून केलेलं स्वागत गप्पांना जोडलं, तर खोली बदलल्याचं कुणालाही ऐकू येतं.

थेट रेडिओवर मात्र एक गोष्ट वेगळी. तिथे लोक मधूनच येतात, म्हणून दर ब्रेकनंतर नाव, विषय आणि पाहुणा एका वाक्यात पुन्हा सांगावे लागतात. हाच भाग नंतर पॉडकास्ट म्हणून टाकणार असाल, तर ती वाक्यं कापता येतील अशी, आधी-मागे श्वासभर जागा सोडून बोला.