सर्व्हेचा अहवाल काढताय? निदान या चुका टाळा

कोल्हापूरकडच्या फाउंड्रीवाल्यांच्या एका संघटनेचा वार्षिक सर्व्हे मी गेली आठ वर्षं करतोय. त्यामुळे दर मार्च-एप्रिलमध्ये इतर संघटनांचे अहवालही "जरा नजर टाका" म्हणून माझ्याकडे येतात. कव्हरवर गिअरचं चित्र, आत अध्यक्षांचं मनोगत, मग रंगीत गोल तक्ते. सगळ्यांची इच्छा एकच, की पत्रकाराने आकडा उचलावा आणि खाली संघटनेचं नाव छापावं. पण तो आकडा नक्की कशाचा, हे चोवीस पानांत कुठेही लिहिलेलं नसतं.

बाकीच्या चुका मी थोडक्यात उरकणार आहे. दोन मात्र सविस्तर सांगतो, कारण त्या दोन्ही मी स्वतः केल्यात.

टक्के लिहायचे, पण कितींपैकी ते गाळायचं

आमच्या पहिल्या अहवालाची पहिलीच ओळ होती: "७१ टक्के फाउंड्रींना कुशल मोल्डर मिळत नाहीत." मला ही ओळ फार आवडली होती. अहवाल पाठवला त्याच दिवशी संध्याकाळी साडेसहाला एका दैनिकातून फोन आला. बातमी अर्ध्या तासात पानावर जायची होती.

"सर, हे ७१ टक्के कितींपैकी?"

मी बेधडक म्हणालो, "सभासदांपैकी." फोन ठेवला आणि एक्सेल उघडून बघितलं, तेव्हा पोटात गोळा आला.

संघटनेचे सभासद २१२. फॉर्म भरून आले ५८. मोल्डरच्या प्रश्नाला उत्तर होतं फक्त ३१ जणांचं, आणि त्यातल्या २२ जणांनी "मिळत नाहीत" म्हटलं होतं. बावीस भागिले एकतीस म्हणजे ७१ टक्के. हेच २२ जण ५८ पैकी धरले तर ३८ टक्के होतात आणि २१२ पैकी धरले तर जेमतेम १० टक्के. पत्रकाराला मी जे सांगितलं होतं, त्या हिशेबाने खरा आकडा १० होता आणि छापून येणार होता ७१.

उरलेले २७ जण त्या प्रश्नावर गप्प का? त्याच्या आधीचा प्रश्न होता, "यंदा मोल्डरची भरती करायचा प्रयत्न केला का?" ज्यांनी "नाही" म्हटलं, त्यांना फॉर्मने पुढच्या भागात नेलं. म्हणजे ७१ चा हिशेब चुकलेला नव्हता, वाक्य चुकलं होतं. बरोबर वाक्य असं होतं: "यंदा मोल्डरची भरती करू पाहणाऱ्या ३१ फाउंड्रींपैकी २२ जणांना माणूस मिळाला नाही." मी परत फोन लावला, हेच वाक्य लिहून पाठवलं, आणि तेच छापून आलं. खरं सांगायचं तर ते ७१ टक्क्यांपेक्षा जास्त झोंबणारं आहे. माणूस शोधायला निघालेल्या तिघांपैकी दोघं रिकाम्या हाताने परत आले, हे कुणालाही कळतं.

तेव्हापासूनची माझी सवय: शंभराच्या आत उत्तरं असतील तर मथळ्यात टक्का लिहीतच नाही. "३१ पैकी २२" असंच लिहितो. टक्का तक्त्यात जातो आणि प्रत्येक तक्त्याखाली "उत्तरं: ३१" ही ओळ असते, अगदी चित्राच्या आत. पत्रकार चित्र कापून नेतो, खालची तळटीप नाही.

आणि कृपा करून "चूक ± ५ टक्के" असलं काही छापू नका. ते सूत्र चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नमुन्यासाठी असतं. आपण व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंक टाकतो आणि ज्याला वेळ आहे किंवा ज्याची काही तक्रार आहे, तो भरतो. माणूस मिळत नाही म्हणून वैतागलेला मालक फॉर्म आधी उघडणार, हे उघड आहे. हा कल सूत्राने निघत नाही. त्यापेक्षा सरळ लिहा: "२१२ सभासदांना फॉर्म पाठवला, ५८ जणांनी स्वेच्छेने भरला, त्यात मोठ्या फाउंड्रींचं प्रमाण जास्त आहे." असं कबूल केल्याने अहवाल हलका होत नाही. मुरलेला पत्रकार आधी हीच ओळ शोधतो, आणि ती नसली की पुढचं वाचत नाही.

यंदाची गर्दी वेगळी, तुलना मात्र गेल्या वर्षाशी

दुसऱ्या वर्षी आम्ही मोल्डरच्या पगाराचा प्रश्न घातला. चाळीस जणांनी उत्तर दिलं. तिसऱ्या वर्षी मी जिद्दीने फोन फिरवले, छोट्या शेडवाल्यांच्या दारात जाऊन बसलो आणि ८० उत्तरं गोळा केली. छाती फुगली होती. अहवालात लिहिलं: "मोल्डरच्या सरासरी पगारात ५ टक्के घट." एका स्थानिक पेपरने ते उचललं, तेही संघटनेच्या नावासकट. हवं होतं तेच झालं.

दोन दिवसांनी एका सभासदाचा फोन. "अहो साहेब, तुमचं कात्रण घेऊन पोरं केबिनमध्ये आली. मी हजार रुपये वाढवलेत, शेजारच्यानं वाढवलेत, मग पेपरात पगार उतरला कसा?"

घोळ असा होता. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल करून सांगतो. आधीच्या चाळीसांत निम्म्या फाउंड्री मोठ्या होत्या, सरासरी पगार २०,०००, आणि निम्म्या छोट्या, सरासरी १४,०००. एकत्र सरासरी १७,०००. पुढच्या वर्षी मोठ्यांचा पगार २१,००० झाला, छोट्यांचा १४,५००. दोन्हीकडे वाढच. पण मी चाळीस नवे छोटे आणले होते, म्हणजे आता २० मोठे आणि ६० छोटे. त्यांची एकत्र सरासरी येते १६,१२५. कुणाचाही पगार कमी झाला नाही, तरी सरासरी ८७५ रुपयांनी घसरली, कारण वर्गात बारकी पोरं वाढली होती.

दोन्ही वर्षं उत्तर दिलेल्या त्या जुन्या चाळीसांचाच हिशेब केला तर सरासरी १७,००० वरून १७,७५० वर जाते. साडेचार टक्क्यांच्या आसपास वाढ. म्हणजे त्याच फॉर्ममधून एक मथळा "घट" म्हणतो आणि दुसरा "वाढ", आणि खरा दुसरा आहे.

म्हणून आता प्रत्येक सभासदाला मी एक कायमचा क्रमांक दिलाय. तुलनेचं वाक्य फक्त दोन्ही वर्षं आलेल्यांवरून लिहितो आणि तिथे "दोन्ही वर्षं उत्तर देणाऱ्या इतक्या फाउंड्री" असं स्पष्ट म्हणतो. नव्या लोकांचे आकडे यंदाच्या चित्रात येतात, तुलनेत येत नाहीत. हे काम कंटाळवाणं आहे. नावांची स्पेलिंगं दरवर्षी बदलतात, कुणी वडिलांच्या नावाने भरतं, कुणी मुलाच्या, एकाच मालकाच्या दोन शेड असतात. एक अख्खा रविवार जातो. ज्यांना हा रविवार द्यायचा नाही त्यांनी खुशाल एकाच वर्षाचं चित्र छापावं, पण बाण वर-खाली काढू नयेत.

उत्पादनक्षेत्राचा पीएमआय घ्या, म्हणजे कारखान्यांचं काम वाढतंय की मंदावतंय हे दर महिन्याला सांगणारा निर्देशांक. एस अँड पी ग्लोबल त्यासाठी अख्ख्या भारतातल्या सुमारे ४०० कारखान्यांना विचारते. देशाच्या मानाने हा आकडा किरकोळ वाटतो. पण ठरलेल्या कारखान्यांना दर महिन्याला तेच प्रश्न जातात आणि दर महिन्याला बातमी होते. प्रश्नही साधे, उदाहरणार्थ: गेल्या महिन्यापेक्षा ऑर्डरी वाढल्या, तेवढ्याच राहिल्या की घटल्या? "वाढल्या" म्हणणाऱ्यांच्या टक्क्यात "तेवढ्याच" वाल्यांचा निम्मा टक्का मिळवायचा. चाळीस टक्के वाढल्या म्हणाले, पस्तीस टक्के तेवढ्याच, पंचवीस टक्के घटल्या, तर ४० अधिक साडेसतरा, म्हणजे ५७.५. पन्नासच्या वर वाढ, खाली घट. आमच्याकडे उत्पादन किती टन ते विचारलं की निम्मे लोक रकाना मोकळा ठेवायचे. "वाढलं की घटलं" विचारायला लागल्यापासून जवळपास सगळे उत्तर देतात.

प्रश्नाचे शब्दही म्हणूनच गोठवा. आम्ही एका वर्षी "पगार" चं "हातात पडणारा पगार" केलं, वाचायला बरं म्हणून. आधीच्या वर्षी कुणी ओव्हरटाइम धरून लिहिलं होतं, कुणी पीएफ कापायच्या आधीचं. त्या एका शब्दापायी पुढची तुलना गेली. शब्द बदलायचाच असेल तर एक वर्ष दोन्ही प्रश्न शेजारी ठेवा.

आता बाकीच्या, भराभर.

पाचपेक्षा कमी उत्तरांचा रकाना छापू नका. "स्टील फाउंड्री: ३" असं लिहिलं की त्या तिघांतला मोठा कोण हे परिसरात सगळ्यांना ठाऊक असतं, आणि पुढच्या वर्षी तिघंही फॉर्म भरत नाहीत. एकच रकाना झाकून एकूण बेरीज उघडी ठेवलीत तर वजाबाकीने तो निघतोच, तेव्हा शेजारच्या रकान्यात मिसळून टाका.

पगाराला सरासरीसोबत मधला आकडा द्या. सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की बरोबर मध्ये येतो तो. एखादी मोठी फाउंड्री सरासरी ओढून नेते, मधला आकडा तिला तितकासा बधत नाही.

अहवाल वाचायला नाव, फोन, ईमेल मागणारा फॉर्म लावू नका. संध्याकाळी सात वाजता बातमी लिहिणारा माणूस तो भरत नाही, दुसऱ्याचा आकडा घेतो.

पीडीएफ स्कॅन करून टाकू नका, आकडा कॉपी झाला पाहिजे. मूळ प्रश्न शब्दशः शेवटच्या पानावर द्या. फॉर्म कोणत्या तारखांना भरून घेतले तेही लिहा. खर्च कुणी केला ते लपवू नका. भट्टी विकणाऱ्या कंपनीच्या पैशातून सर्व्हे करून "नव्या भट्टीची गरज" असा निष्कर्ष काढला आणि नंतर कुणाला कळलं, तर पुढची पाच वर्षं ते नाव तुमच्या अहवालाला चिकटतं.

एक फेब्रुवारीला, बजेटच्या दिवशी, अहवाल पाठवणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

अहवालावर ज्याचा नंबर छापलाय त्याने त्या दिवशी फोन उचलावा, आणि उचलल्यावर त्याला कितींपैकी किती हे पाठ असावं. आमच्याकडे एका वर्षी नंबर अध्यक्षांचा होता आणि अध्यक्ष लग्नाला गेले होते.

चूक सापडलीच तर फाइल गुपचूप बदलू नका. घटीचा तो मथळा निघाला तेव्हा मी तेच केलं होतं: रात्री नवी पीडीएफ चढवली आणि झोपलो. जुनी फाइल तीन जणांकडे डाउनलोड झालेली होती, त्यातल्या एकाने दोन्ही शेजारी ठेवून विचारलं, खरी कुठली? आता पहिल्या पानावर तारखेसह चौकट टाकतो: काय लिहिलं होतं, काय हवं होतं, कशामुळे चुकलं. जुनी फाइलही तिथेच राहते, आणि ज्या पत्रकाराने आकडा वापरला त्याला मीच फोन करतो, त्याचा यायच्या आत.