मिक्सरच्या माहितीपुस्तिकेचा यंत्रानुवाद कसा सुधारावा

यंत्राने अनुवादित केलेली मिक्सरची माहितीपुस्तिका हाती आली की पहिल्या वाक्यापासून दुरुस्ती सुरू करण्याचा मोह होतो. तसे न करता आधी मूळ इंग्रजी पुस्तिकेच्या आकृतीतील भागांची नावे उतरवून घ्यावीत आणि प्रत्येकासाठी एकच मराठी शब्द ठरवावा. यंत्र अनेकदा एकेक वाक्य सुटे घेऊन अनुवाद करते. त्यामुळे एकच वस्तू कुठे ‘जार’, कुठे ‘भांडे’, तर कुठे चक्क ‘बरणी’ होते. घराघरांत ‘मिक्सरचे भांडे’ असेच म्हणतात, म्हणून मी ‘भांडे’ ठेवतो. उलट दोषही शोधावा. ‘झाकण बंद करा’ आणि ‘मिक्सर बंद करा’ या वेगळ्या कृतींना एकच क्रियापद आले, तर घाईत वाचणारा गोंधळतो. तेव्हा झाकणासाठी ‘लावा’ आणि मिक्सरसाठी ‘बंद करा’ असे यादीत लिहून ठेवावे.

ठरलेला शब्द एका फटक्यात सगळीकडे बदलू नये. ‘जार रिकामा करून तो धुवा’ यात नुसते नाम बदलले, तर ‘भांडे रिकामा करून तो धुवा’ असे विचित्र वाक्य होते आणि ‘जारमध्ये’चे ‘भांडेमध्ये’ होते. शिवाय ‘हजार’ आणि ‘बाजार’ या शब्दांतही ‘जार’ आहेच. एकेक जागा पाहून लिंग आणि सामान्यरूप हातानेच जुळवावे. शेवटी ‘भांड’ एवढाच तुकडा शोधला, की ‘भांड्यात’, ‘भांड्यांची’ अशी सगळी रूपे तपासता येतात.

यानंतर शब्दक्रमाकडे वळावे. ‘खात्री करा की झाकण नीट बसले आहे’ यासारखी वाक्ये ओळखणे सोपे असते. ‘झाकण नीट बसले आहे याची खात्री करा’ असे लिहिले की काम होते. खरी अडचण व्याकरणाने शुद्ध, पण कृतींचा क्रम उलटा असलेल्या वाक्यांत असते. उदाहरणार्थ: ‘ओव्हरलोडमुळे मोटर थांबल्यास, स्विच बंद केल्यानंतर तळाशी असलेले लाल रीसेट बटण दाबण्यापूर्वी १० मिनिटे प्रतीक्षा करा.’ येथे वाचकाला आधी बटण भेटते आणि थांबण्याची सूचना नंतर कळते. ज्या क्रमाने हात चालणार, त्याच क्रमाने वाक्य तोडावे: ‘जास्त भार येऊन मोटर थांबली, तर आधी स्विच बंद करा. १० मिनिटे थांबा. मग मिक्सरच्या तळाशी असलेले लाल रीसेट बटण दाबा.’ भांड्यातील जिन्नस कमी करण्याची सूचना येथे हवी असे वाटले, तरी मुळात नसताना ती स्वतःहून घालू नये. काम देणाऱ्याला विचारावे.

अखेरचे वाचन दोनदा करावे. एकदा मुळाशेजारी ठेवून आकडे आणि नकार तपासावेत, कारण ओघवत्या वाक्यातून गळलेला ‘नका’ सहज नजरेतून सुटतो. दुसऱ्यांदा मूळ बाजूला ठेवून घरातल्या कोणालातरी सूचना मोठ्याने वाचून दाखवाव्यात आणि प्लग काढून ठेवलेल्या मिक्सरवर त्या करायला सांगाव्यात. हात जिथे अडखळेल, ते वाक्य पुन्हा लिहावे.