आयपीओचे शेअर लागले नाहीत, मग अडकलेले पैसे कसे सुटतात?

फोनपे, गुगल पे, भीम किंवा दुसऱ्या यूपीआय अॅपवरून आयपीओचं मँडेट, म्हणजे अर्जाची रक्कम राखून ठेवायची परवानगी, मंजूर केलं की खात्यातली शिल्लक कमी दिसायला लागते. आपले पैसे अॅपकडे किंवा कंपनीकडे गेले, असा बहुतेकांचा समज होतो. खरं तर ते कुठेच गेलेले नसतात. ते तुमच्याच बचत खात्यात असतात आणि त्यांच्यावर बचत खात्याचं व्याजही चालू राहतं. बँकेने फक्त त्या रकमेवर होल्ड लावलेला असतो. अॅप हा निरोप्या आहे, त्यामुळे पैसे सुटले का हे पाहायचं ते बँकेत.

आधी आपले आकडे आणि तारखा लिहून ठेवा

समजा किंमतपट्टा १४२ ते १५० रुपये आहे आणि एका लॉटमध्ये ९८ शेअर आहेत. तुम्ही कट-ऑफवर तीन लॉटसाठी अर्ज केला. कट-ऑफला पट्ट्यातली वरची किंमत धरतात, म्हणून २९४ गुणिले १५०, म्हणजे ४४,१०० रुपये ब्लॉक झाले. किरकोळ, म्हणजे छोट्या गुंतवणूकदारांच्या गटात मागणी खूप जास्त असेल तर सोडत निघते आणि नशीब असेल त्यालाही एकच लॉट मिळतो. तुम्हाला तो लागला तर १४,७०० रुपये कापले जातील आणि २९,४०० सुटतील. नाहीच लागला तर पूर्ण ४४,१०० सुटतील. अंतिम किंमत १५०पेक्षा कमी ठरली तर तो फरकही सुटतो.

आता तारखा. डिसेंबर २०२३पासून आयपीओ बंद झाल्यानंतर तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी शेअर बाजारात नोंदवणं बाजार नियामक सेबीने बंधनकारक केलं आहे. आयपीओ गुरुवारी बंद झाला असं धरू. मध्ये सुट्टी नसेल तर शुक्रवारी अलॉटमेंट, म्हणजे कोणाला किती शेअर द्यायचे ते ठरतं, सोमवारी पैसे कापले किंवा सोडले जातात, लागलेले शेअर डीमॅटमध्ये येतात आणि मंगळवारी लिस्टिंग होतं. शनिवार-रविवार यात धरलेले नाहीत. ‘अलॉटमेंट शुक्रवारीच झालं, मग शनिवारी पैसे का आले नाहीत?’ या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. सोमवार संपेपर्यंत काहीही करायची गरज नसते.

अलॉटमेंटचा निकाल पाहा

आयपीओचे अर्ज आणि शेअरवाटप सांभाळणाऱ्या संस्थेला रजिस्ट्रार म्हणतात. निकाल तिच्या संकेतस्थळावर पॅन टाकून दिसतो. रजिस्ट्रार कोण आहे ते अर्ज करताना ब्रोकरच्या पानावर लिहिलेलं असतं. बऱ्याचदा केफिन टेक्नॉलॉजीज, एमयूएफजी इनटाइम किंवा बिगशेअर यांपैकी एक. बीएसईच्या आणि एनएसईच्या संकेतस्थळांवरही हे तपासता येतं. किती शेअर लागले ते कळल्याशिवाय किती पैसे सुटायला हवेत ते सांगता येत नाही, म्हणून ही पायरी आधी.

मग बँकेत आणि अॅपमध्ये, दोन्हीकडे पाहा

बँकेच्या अॅपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये खात्याचा तपशील उघडा. तिथे एकूण शिल्लक आणि उपलब्ध शिल्लक वेगवेगळी दिसते. या दोन्हींतला फरक म्हणजे होल्ड. काही बँका तो Lien किंवा Hold Amount या नावाने दाखवतात. ‘परतावा जमा झाला’ अशी नोंद पासबुकात शोधू नका. पैसे बाहेर गेलेच नव्हते, त्यामुळे जमा नोंद होत नाही. फक्त उपलब्ध शिल्लक वाढते.

त्यानंतर यूपीआय अॅपमधल्या Mandates किंवा Autopay विभागात त्या मँडेटची स्थिती पाहा. शब्द अॅपगणिक बदलतात, पण अर्थ तीनच. मँडेट अजून चालू असेल तर पैसे सोडण्याचा निरोप तुमच्या बँकेपर्यंत पोचलेला नाही. रद्द झालेलं असेल तर पैसे सोडायला सांगितलं गेलं आहे. वापरलं गेलेलं असेल तर शेअर लागले आणि त्यांचे पैसे कापले गेले.

या दोन पडद्यांची जुळणी केली की अडचण कुठे आहे ते उमगतं. निरोपाची वाट अशी आहे: रजिस्ट्रार याद्या तयार करतो, त्या आयपीओसाठी नेमलेली प्रायोजक बँक यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयमार्फत तुमच्या बँकेला कळवते आणि तुमची बँक होल्ड काढते. अॅपमध्ये मँडेट रद्द दिसतंय आणि बँकेत होल्ड तसाच आहे, तर अडलंय तुमच्या बँकेत. अॅपमध्येही मँडेट चालूच असेल तर अडलंय त्याच्या आधी. ब्रोकरला फोन करून यातलं काहीच हलत नाही, तरी लोक सगळ्यात आधी तिथेच फोन करतात.

दुहेरी ब्लॉक हा प्रकारही अधूनमधून होतो. अर्जात बदल केला की नवं मँडेट येतं आणि जुन्याचा होल्ड कधी कधी सुटत नाही. आपल्या उदाहरणात ४४,१०० ऐवजी ८८,२०० अडकलेले दिसले तर अलॉटमेंटची वाट पाहू नका, लगेच बँकेला कळवा.

सोमवार उलटला तरी पैसे अडकलेले असतील तर

तक्रार लेखी करा आणि सोबत अर्ज क्रमांक, अॅपमधला UMN म्हणजे मँडेटचा क्रमांक, अलॉटमेंटच्या निकालाचं चित्र आणि होल्ड दाखवणारं चित्र जोडा. अडचण बँकेत असेल तर बँकेच्या तक्रार विभागाला लिहा. ती आधीच्या टप्प्यात असेल तर रजिस्ट्रार आणि कंपनीच्या वतीने आयपीओ हाताळणारा लीड मॅनेजर या दोघांनाही लिहा. त्यांचे तक्रारीचे ईमेल आयपीओच्या माहितीपत्रकात छापलेले असतात.

तक्रारीत भरपाईचा उल्लेख जरूर करा. ठरलेल्या मुदतीत न लागलेली रक्कम सुटली नाही, तर पुढच्या उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये किंवा अर्जाच्या रकमेवर वार्षिक १५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते मिळण्याचा हक्क तुम्हाला आहे. उशिराला जबाबदार असलेल्या संस्थेने ते द्यायचे असतात. ४४,१०० रुपयांवर १५ टक्क्यांनी दिवसाला जेमतेम १८ रुपये होतात, म्हणून १०० रुपयेच लागू. किरकोळ गटाची मर्यादा दोन लाखांची आहे. दोन लाखांवरही दिवसाचे सुमारे ८२ रुपयेच होतात. थोडक्यात, छोट्या अर्जदाराला नेहमी १०० रुपयांचाच दर बसतो आणि रक्कम लहान असेल तर तो चांगलाच फायद्याचा आहे.

दाद लागली नाही तर लीड मॅनेजर, रजिस्ट्रार यांच्याविरुद्ध सेबीच्या scores.sebi.gov.in वर तक्रार नोंदवता येते. तिथे संबंधितांना २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं.

या काळात ‘तुमचे आयपीओचे पैसे सोडतो, आलेली विनंती मंजूर करा’ असा फोन आला तर तो लगेच ठेवा. होल्ड लावताना तुम्ही यूपीआय पिन टाकला होता; तो निघताना पिन लागत नाही, कोणती लिंक उघडावी लागत नाही आणि कुठलंही शुल्क भरावं लागत नाही.