भाडेकरारात डिपॉझिट परतीची दोन कलमं जुळत नव्हती: माझा अनुभव

नागपुरात मनीषनगरला फ्लॅट घेताना लिव्ह अँड लायसन्सच्या मसुद्यात कलम ५ म्हणत होतं, ६०,००० डिपॉझिट चावी देतानाच परत. कलम १४ म्हणत होतं, वीजबिल वळतं करून ३० दिवसांत. फोनवर विषय काढला की घरमालक काका म्हणायचे, "विश्वास नाही का?" एजंट म्हणे, फॉरमॅटच तसा आहे. डोकं पिकलं.

शेवटी जमलं ते असं. आधी दोन्हींपैकी कुठे "इतर कलमांत काहीही असले तरी" असं आहे का पाहिलं. असतं तर तेच कलम वरचढ ठरलं असतं, विरोध उरलाच नसता. ते नव्हतं. मग दोन्ही वाक्यं जशीच्या तशी एकाखाली एक लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं: "काका, ३१ मार्चला घर सोडलं तर कलम ५ प्रमाणे पैसे त्याच दिवशी, १४ प्रमाणे ३० एप्रिलपर्यंत. आपल्याला कोणतं अपेक्षित आहे?" "चूक", "तुमचं कलम" हे शब्द मुद्दाम टाळले. खाली तोडगाही दिला: "चावी देताना ५५,०००, उरलेले ५,००० अंतिम वीजबिल वळतं करून ३० दिवसांत." काकांनी लगेच होकार दिला. कलम १४ काढून हे वाक्य कलम ५ मध्ये घातलं.

हे नोंदणीआधीच करा. नंतर दुरुस्तीपत्र करून तेही नोंदवावं लागतं.