पेन्शन विकल्यावर हाती आलेल्या रकमेचा लेखी हिशेब कसा मागावा

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागात बँकेतून निवृत्त झालेली मराठी मंडळी पुष्कळ आहेत. पेन्शनचा एक तृतीयांश भाग विकला की पासबुकात एकच आकडा जमा होतो. तो आला कसा, हे पेन्शन फंडाच्या विश्वस्तांकडून लेखी मागवता येतं. मात्र पत्रात नेमकं विचारायला हवं.

आधी स्वतः हिशेब मांडा. विकलेली मासिक रक्कम गुणिले बारा, गुणिले तक्त्यातला गुणक. त्यात महागाई भत्ता धरत नाहीत, फक्त मूळ पेन्शन धरतात. गुणक ठरतो तो विक्री लागू होण्याच्या तारखेनंतर येणाऱ्या वाढदिवसाच्या वयावर. बहुतेक घोळ इथेच होतो.

एक उदाहरण घेऊ. जन्मतारीख २० जून, साठाव्या वर्षी ३० जूनला निवृत्ती, मूळ पेन्शन ३६,००० रुपये. विकलेला भाग १२,०००. निवृत्तीनंतर वर्ष पूर्ण व्हायच्या आत, १० जूनला शाखेत अर्ज दिला. पुढचा वाढदिवस एकसष्टावा, म्हणून बँकांच्या तक्त्याप्रमाणे गुणक ९.८१ आणि रक्कम १४,१२,६४०. तोच अर्ज मुख्य कार्यालयात २४ जूनला पोचला आणि तीच तारीख धरली गेली, तर पुढचा वाढदिवस बासष्टावा. गुणक ९.४८, रक्कम १३,६५,१२०. टपालातल्या चौदा दिवसांनी ४७,५२० रुपये गेले! म्हणून अर्जाच्या प्रतीवरचा शाखेचा आवक शिक्का जपून ठेवा. तो नसेल तर शाखेच्या आवक नोंदवहीतला क्रमांक मागून घ्या.

आता पत्र. ते विश्वस्त मंडळाच्या नावाने लिहा, वर पेन्शन क्रमांक आणि रक्कम जमा झाल्याची तारीख घाला. इंग्रजीत पाठवायचं असलं तरी मुद्दे हेच:

"माझ्या पेन्शनच्या विक्रीपोटी रु. १३,६५,१२० जमा झाले. कृपया पुढील बाबी लेखी कळवाव्यात: हिशेबात धरलेली मूळ पेन्शन व विकलेला भाग, विक्री लागू झाल्याची तारीख व ती कोणत्या नियमानुसार धरली, त्या तारखेला धरलेलं वय व गुणक, एखादी वसुली वजा केली असल्यास तिचा तपशील, आणि माझी मासिक पेन्शन कोणत्या तारखेपासून कमी झाली. शाखेचा १० जूनचा आवक शिक्का असलेल्या अर्जाची प्रत सोबत जोडली आहे."

शेवटचा मुद्दा गाळू नका. पेन्शनची कपात रक्कम हाती येण्याआधीच सुरू झाली असेल, तर मधल्या महिन्यांचा फरक वेगळा मागता येतो. शिवाय पंधरा वर्षांनी पूर्ण पेन्शन परत सुरू होते, ती मुदतही तारखेवरूनच मोजतात.

या पत्रात "कमी दिले" असा आरोप करू नका. आधी त्यांची तारीख आणि गुणक कागदावर येऊ द्या, हरकत दुसऱ्या पत्रात घ्या. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती ठेवा, एक प्रत शाखेत देऊन पोच घ्या. "नियमानुसार बरोबर आहे" एवढंच उत्तर आलं, तर त्याचा जावक क्रमांक देऊन कोणते मुद्दे अनुत्तरित राहिले ते लिहा. तारीख २४ जून धरल्याचं कळलं, तर शिक्क्याची प्रत जोडून ९.८१ ने फेरहिशेब मागा.