क्रेब्स चक्र: बाणावर कार्बन मोजा

चक्र काढताना प्रत्येक संयुगाखाली कार्बनची संख्या लिहा: सायट्रेट ६, आयसोसायट्रेट ६, अल्फा-कीटोग्लुटारेट ५, सक्सिनिल-कोए ४, पुढे सगळे ४. आकडा उतरतो त्या दोन्ही बाणांवर कार्बन डायऑक्साइड आणि एनएडीएच बाहेर पडतात; तिसरा एनएडीएच मॅलेटपासून ऑक्सॅलोअॅसिटेट होताना मिळतो. सक्सिनेटपासून फ्युमरेट होताना मात्र बहुतेक जण सवयीने एनएडीएच लिहितात. तिथे एफएडीएच२ हवा. ‘फ्युमरेटला एफ’ ही खूण पुरते.

गर्दीच्या लोकलमध्ये वही उघडता येत नाही, तेव्हा आकडे मनात म्हणा. घरी कोऱ्या पानावर चक्र काढा, न बघता. एका फेरीची बेरीज ३ एनएडीएच, १ एफएडीएच२, १ जीटीपी आली नाही, तर चुकलेला बाण लाल पेनाने दुरुस्त करा आणि उद्या पुन्हा कोऱ्या पानापासून काढा.